हॉटेलचा रिव्ह्यू: तुमच्या वाट्याला आलेलं आणि पुढच्याच्या वाट्याला येणारं

«एका हॉटेलात तीन रात्री राहून आलो. पहिली खोली लिफ्टला लागून होती, त्या रात्री आवाजाने झोप झाली नाही. सकाळी तक्रार केल्यावर त्याच मजल्यावर मागच्या बाजूची खोली दिली, तिथे दोन रात्री शांत गेल्या. बाथरूमच्या जाळीत केस अडकलेले होते, दुसऱ्या खोलीतही तसेच. रिसेप्शनवर रात्री एक जण उद्धट भेटला, सकाळचा मात्र फार चांगला. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिलंय, आम्हाला बॅगा घेऊन पंधरा लागली. आता पाचपैकी दोन तारे देऊ की चार? इतरांना खरंच उपयोग होईल असं कसं लिहायचं?»

ताऱ्यांचं शेवटी बघू. आधी मजकूर लिहून काढा, तारे त्यातूनच ठरतात.

मी बरीच वर्षं हाउसकीपिंगमध्ये आणि नंतर फ्रंट ऑफिसला काढली. आता मालकांच्या वतीने हॉटेलं तपासायला जातो. कुठल्याही हॉटेलात पाऊल टाकण्याआधी त्याचे रिव्ह्यू वाचणं हा माझ्या कामाचाच भाग आहे, आणि वाचताना मी प्रत्येक वाक्य तीनपैकी एका ढिगात टाकतो. पहिला ढीग इमारतीचा: लिफ्ट कुठे आहे, भिंत किती जाड, रस्ता किती जवळ. हे वर्षानुवर्षं तसंच राहतं. दुसरा ढीग रोजच्या कामाच्या शिस्तीचा: साफसफाई कशी होते, तक्रार आली की कोण काय करतं. व्यवस्थापन बदललं तर हे बदलतं, एरवी नाही. तिसरा ढीग त्या दिवसाचा: शेजारच्या खोलीतलं लग्नाचं वऱ्हाड, आजारी पडलेला कर्मचारी, मध्येच गेलेली वीज. वाचणाऱ्याला पहिले दोन ढीग हवे असतात. तिसऱ्याचा त्याला काही उपयोग नाही, कारण तो जाईल तेव्हा ते वऱ्हाड तिथे नसणार. अडचण अशी की राहणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास बहुधा तिसऱ्याच ढिगाने झालेला असतो, आणि रिव्ह्यूही त्याच रागात लिहिला जातो.

तुम्हाला दोन खोल्या मिळाल्या हे रिव्ह्यूच्या दृष्टीने चांगलंच झालं. एकाच हॉटेलातल्या दोन खोल्या पाहिलेला माणूस सहसा सापडत नाही. एका खोलीत दिसलेली गोष्ट योगायोग असू शकते, दोन्हीकडे दिसली तर ती बहुतेक शिस्तीची असते.

स्वच्छता

खोली साफ कशी होते हे माहीत असलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. पाहुणा गेलेल्या खोलीत आधी खिडकी किंवा पंखा चालू करून हवा खेळती करतात, चादरी-टॉवेल काढून घेतात, बाथरूममध्ये केमिकल मारून ते मुरायला सोडतात. तेवढ्या वेळात पलंग लावतात, धूळ पुसतात. मग बाथरूम घासून कोरडं करतात आणि शेवटी आतून दाराकडे येत जमीन साफ करतात. अशा खोलीला अर्धा ते पाऊण तास लागतो. पाहुणा अजून राहतोच आहे अशा खोलीला निम्मा वेळही मिळत नाही. एका माणसाकडे पाळीत बारा-पंधरा खोल्या असणं अगदी नेहमीचं. त्यामुळे घाई झाली की काय सुटतं? दारात उभं राहून जे दिसत नाही ते. सुपरवायझरही पुष्कळदा दारातूनच नजर टाकतो.

म्हणून घाण दिसली की तिचं वय विचारायचं. फरशीवर पडलेला एखादा केस आजचा आहे. ओल्या फरशीला केस चिकटतो, पोछा फिरवणाऱ्याच्याच डोक्यातून पडलेला असू शकतो. त्यावरून हॉटेलबद्दल काही सांगता येत नाही. शॉवरच्या काचेवर साबणाचा पांढुरका थर दिसला तर तो काही आठवड्यांचा. बेसिनच्या किंवा शॉवरच्या कडेच्या सिलिकॉनवर काळी बुरशी आणि एक्झॉस्टच्या जाळीवर लोकरीसारखी धूळ म्हणजे महिन्यांचं दुर्लक्ष. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवरून, म्हणजे हेडबोर्डच्या वरच्या कडेवरून, बोट फिरवून बघा. तिथे रोज हात लागत असेल तर बाकी खोली सहसा ठीक असते.

आता तुमचे केस. ते फरशीवर नव्हते, जाळीत अडकलेले होते, आणि दोन्ही खोल्यांत. जाळी उचलून खाली साफ करणं हे त्यांच्या रोजच्या कामात नाही, असाच याचा अर्थ निघतो. हे दुसऱ्या ढिगातलं आहे आणि तुमच्या चारही तक्रारींत मला हीच सगळ्यात वजनदार वाटते. तुमची झोप आवाजाने गेली, तेव्हा तुम्ही आवाज पहिल्या क्रमांकावर ठेवाल हे साहजिक आहे. पण आवाजाची खोली वाचणारा टाळू शकतो. जाळी तो कुठल्याही खोलीत गेला तरी त्याच्या पायाखाली असणार. पाणी तुंबत होतं का, तेही लिहा. केस दिसणं किळसवाणं असतं, पण घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून आंघोळ करावी लागणं हा वेगळा त्रास आहे.

चादरीबद्दल एक खूण सांगतो. लाँड्रीतून आलेल्या चादरीवर बहुतेक ठिकाणी घडीच्या सरळ रेषा दिसतात. रेषा नाहीत, कापड मऊ पडलंय, उशीच्या अभ्र्याला तेलाचा वास येतोय, तर चादर बदललेली नाही असा संशय घ्यायला जागा आहे. उलट घडीच्या रेषा स्वच्छ दिसताहेत आणि फिकट पिवळट डाग आहे, तर तो धुऊनही न गेलेला डाग. पहिली गोष्ट गंभीर, दुसरी फक्त जुन्या कापडाची. दोन्हींना सरसकट घाणेरडी चादर म्हटलं की वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

वास पहिल्या मिनिटातच टिपून ठेवा, कारण नाकाला लगेच सवय होते आणि दहा मिनिटांनी तुम्हाला काहीच जाणवणार नाही. कुबट ओला वास असेल तर गळती किंवा एसीत साचलेली ओल. तो त्या खोलीत पुढेही राहील, लिहिण्याजोगा. गटारासारखा वास आला तर आधी बाथरूमच्या जाळीत दोन तांबे पाणी ओता. खोली बरेच दिवस रिकामी असली की जाळीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी वाळतं आणि गटाराची हवा वर येते. पाणी भरलं की वास काही वेळात जातो. गेला तर रिव्ह्यूत त्याला अर्धी ओळही खूप झाली.

ढेकणांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आरोप सगळ्यात घाईने त्यांच्याच बाबतीत होतो म्हणून सांगतो. अंगावर उठलेला चट्टा हा पुरावा नाही. ढेकूण चावल्याची खूण काहींना लगेच दिसते, काहींना कित्येक दिवसांनी, काहींना मुळीच नाही. तेव्हा तो या हॉटेलातला की आधीच्या मुक्कामातला हे चट्ट्यावरून सांगता येत नाही. पुरावा गादीच्या शिवणीत आणि हेडबोर्डच्या मागे असतो: पेनाची शाई झिरपावी तसे काळे ठिपके, टाकलेल्या फिकट काती, किंवा साधारण ५ मिलिमीटरचा चपटा तपकिरी कीडा. दिसला तर बाजूला नाणं ठेवून फोटो काढा आणि त्याच क्षणी खाली कळवा. ढेकूण सामानातून येतात, चोख हॉटेलातही येतात. म्हणून मी तरी ढेकूण सापडला यापेक्षा पुढे काय झालं ते जास्त लक्ष देऊन वाचतो. खोली बंद केली का? दुसरी दिली ती शेजारचीच होती की लांबची? भिंतीपलीकडची दिली असेल तर त्यांना काम कळलेलं नाही.

आवाज

आवाजावर सगळ्यात जास्त लिहिलं जातं आणि त्यातलं सगळ्यात कमी उपयोगी पडतं. «रात्रभर आवाज» एवढ्यावरून पुढच्याने काय करायचं? आवाज कुठून येत होता, किती वाजता आणि कुठल्या खोलीत, या तीन गोष्टी आल्या तर मात्र एक ओळही पुरते.

कुठून ते खोलीत बसूनच काढता येतं. आधी एसी आणि फ्रिज बंद करा. पुष्कळदा तक्रार असलेली घरघर फ्रिजच्या कॉम्प्रेसरची निघते आणि तो बंद करून झोपता येतं. मग खिडकी किंचित उघडून पुन्हा घट्ट लावा. मोठा फरक पडला तर आवाज रस्त्याचा आहे आणि खिडकी त्यातला बराचसा अडवते आहे. काहीच फरक नाही तर एक तर खिडकी कुचकामी आहे किंवा आवाज आतलाच आहे. त्यानंतर दाराखालच्या फटीला टॉवेल गुंडाळून लावा. पॅसेजमधलं बोलणं एकदम कमी झालं तर दोष फटीचा. दोन खोल्यांमधलं जोडदार असेल तर ते बघा. शेजारच्यांचे शब्द न् शब्द कळत असतील तर आवाज बहुतेक तिथूनच येतो, भिंतीतून नव्हे. जोडदार असलेली खोली नको, हे बुकिंगच्या वेळी सांगता येतं, म्हणून ही ओळ वाचणाऱ्याच्या थेट कामाची.

राहिला भिंतीतून आणि जमिनीतून येणारा आवाज. तळहात भिंतीवर टेकवा, कान उशीवर दाबा. उशीला कान लावल्यावर गुणगुण वाढली तर ती इमारतीच्या सांगाड्यातून येते आहे: लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, खालच्या मजल्यावरचं मोठं एक्झॉस्ट. याला इअरप्लग फारसे पुरत नाहीत. लिफ्टची मशीनरूम गच्चीवर असेल तर सगळ्यात वरच्या मजल्यावर हा त्रास जास्त. शांत खोली हवी म्हणून लोक सर्वांत वरची मागतात आणि नेमके तिथेच सापडतात.

तुमच्या लिफ्टकडे याच नजरेने बघा. लिफ्टजवळच्या खोलीत चार निरनिराळे आवाज येतात: मजला आल्याची घंटी, दार सरकण्याची खडखड, मोटरची गुणगुण आणि लिफ्टची वाट बघत गप्पा मारणारी माणसं. मोटर इमारतीच्या ढिगात. घंटीचा आवाज बहुतेक लिफ्टमध्ये कमी करता येतो, दाराची खडखड सर्व्हिसिंगने कमी होते, म्हणजे ही दोन्ही शिस्तीच्या ढिगात. गप्पा त्या रात्रीच्या. तुम्हाला यातला कोणता आठवतो? रात्री दीडला घंटी वाजून जाग येत होती असं असेल तर तेच लिहा. पुढच्या पाहुण्यालाही कळेल आणि हॉटेलवाल्यालाही नेमकं काय दुरुस्त करायचं ते समजेल.

फोनवरच्या डेसिबल ॲपचे आकडे रिव्ह्यूत टाकायचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सतत आवाजाला ३० डेसिबल आणि मध्येच उठणाऱ्या एकेका आवाजाला ४५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. पण फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो, आणि इतक्या हळू आवाजाला तर तो मुळीच भरवशाचा नाही. तुमचा ३८ दुसऱ्याच्या फोनवर ४५ निघू शकतो. त्याच फोनने दोन खोल्या मोजल्या असतील तर तुलना मात्र कामाची. साधारण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुपटीने मोठा वाटतो, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या खोलीत दहाचा फरक आला असेल तर तो जरूर लिहा. नसेल मोजला तर राहू दे. «घंटीने चार वेळा जाग आली» हे वाक्य आकड्यापेक्षा खरं बोलतं. एकसारख्या घरघरीत माणूस झोपून जातो. मध्येच उठणारा आवाज झोप मोडतो, म्हणून किती वेळा हे सांगणं महत्त्वाचं.

खोलीचा क्रमांक लिहावा का? मी म्हणेन जरूर लिहा, पण हॉटेल सोडल्यानंतर. मुक्काम चालू असताना आपला खोली क्रमांक जगजाहीर करू नये. क्रमांकाचा फायदा असा की अनेक हॉटेलांत शेवटचे दोन आकडे मजल्यावरची जागा दाखवतात. ३०४ लिफ्टला लागून असेल तर २०४ आणि ४०४ ही बहुधा तशाच असतात. तुमच्या एका क्रमांकातून वाचणाऱ्याला सगळ्या मजल्यांवरच्या खोल्या कळतात. रात्र आठवड्यातली कुठली होती तेही घाला. शनिवारी रात्री कार्यक्रमाच्या हॉलमधून येणारं संगीत मंगळवारी नसतं.

कर्मचारी

इथे दोन गोष्टींची गल्लत फार होते: माणूस आणि नियम. अनामत रक्कम मागितली, दुपारी दोनच्या आधी खोली दिली नाही, ओळखपत्राची प्रत घेतली, हे समोरच्या पोराने ठरवलेलं नसतं. नियम जाचक वाटला तर नियमावर लिहा. बोलण्याची तऱ्हा वाईट होती तर तिच्यावर लिहा. दोन्ही एकत्र लिहिलं की हॉटेल फक्त नियमाचं स्पष्टीकरण देऊन मोकळं होतं.

तुमचा रात्रीचा माणूस खरोखर उद्धट असेल, मी तिथे नव्हतो. पण मध्यरात्रीनंतर बऱ्याच हॉटेलांत काउंटरवर एकटाच असतो. त्याच वेळी तो दिवसाचा हिशेब बंद करत असतो, ज्याला नाइट ऑडिट म्हणतात. ते चालू असताना काही ठिकाणी संगणकावर खोली बदलून देता येत नाही, आणि काउंटर सोडून वर येताही येत नाही. «सकाळी बघू» असं तो म्हणाला असेल तर ती व्यवस्थेची मर्यादा असू शकते. मान वर न करता म्हणाला, तर तो उद्धटपणा. दोन्ही वेगवेगळं लिहा: किती वाजता गेलात, काय मागितलंत, तो काय म्हणाला, आणि पुढे किती वेळाने काय झालं. मला तुमच्या गोष्टीत कुतूहल एकाच गोष्टीचं आहे. सकाळच्या माणसाला रात्रीची तक्रार आधीच माहीत होती का? पाळी बदलताना निरोप दिला गेला असेल तर रात्रीचा माणूस तुम्हाला वाटला तितका बेफिकीर नव्हता. तुम्हालाच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं असेल तर निरोपाची वही तिथे नावापुरती आहे, आणि ती उद्धटपणापेक्षा मोठी उणीव. उद्या कोणाची गळती, कोणाची हरवलेली वस्तू अशीच दोन पाळ्यांच्या मध्ये पडून राहील.

चांगल्या माणसाचं नाव लिहायला हरकत नाही. छातीवरच्या पट्टीवर जेवढं असतं तेवढं. त्याला त्याचा खरंच फायदा होतो, अशा ओळी नोटीस बोर्डावर लावलेल्या मी पाहिल्यात. तक्रार असलेल्याचं नाव मात्र टाकू नका. तारीख आणि वेळ दिली की ड्युटीच्या तक्त्यावरून हॉटेलला माणूस सापडतो, आणि एखाद्याच्या वाईट रात्रीसाठी त्याचं नाव कायमचं चिकटून राहत नाही.

हसतमुखपणापेक्षा मी दुसरीच गोष्ट बघतो, आणि ती रिव्ह्यूत क्वचित येते. किल्ली देताना खोली क्रमांक मोठ्याने म्हणाला का? लॉबीत चार अनोळखी माणसं उभी असताना «मॅडम, तुमची ३०४» असं ओरडून सांगणं चुकीचं आहे. शिकवलेला माणूस क्रमांक किल्लीच्या पाकिटावर लिहून, बोट ठेवून दाखवतो. तसंच, किल्ली हरवली म्हणून दुसरी मागितल्यावर नाव-ओळख न विचारता काढून दिली का? हे गोड बोलून होतं, त्यामुळे पाहुणा खूश होतो आणि रिव्ह्यूत मदतीला तत्पर असं लिहितो. एकट्याने प्रवास करणारी बाई तीच ओळ वाचून उलट निष्कर्ष काढेल, जर तुम्ही नेमकं काय झालं ते लिहिलंत तर.

जागा

यावर थोडक्यात. हॉटेल जागा बदलू शकत नाही, म्हणून तिला गुण देण्यापेक्षा तिची माहिती द्या. «मोक्याची जागा» हे वाचणारा कुठे जाणार त्यावर आहे.

सपाट वाटेवर मोकळ्या हाताने माणूस पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर जातो. हॉटेलवाले अंतर मोजतात ते पुष्कळदा नकाशावर सरळ रेषेत, आणि स्टेशनच्या सगळ्यात जवळच्या टोकापासून. खोटं म्हणता येत नाही, आणि खरंही नसतं. तुमची पंधरा मिनिटं कशात गेली ते लिहा: कुठल्या दाराने बाहेर पडलात, पूल चढावा लागला का, चाकांची बॅग ओढता येईल असा पदपथ होता का, हॉटेलचं प्रवेशद्वार मुख्य रस्त्यावर होतं की मागच्या गल्लीत. नकाशावरची खूण भलत्याच दाराशी नेत असेल तर ती ओळ आधी लिहा, रात्री उशिरा पोचणाऱ्याला तिच्याइतकं दुसरं काही उपयोगी नाही. आणि ती वाट तुम्ही कधी चाललात, दिवसा की अंधारात? सकाळी गजबजलेली वाट रात्री अकराला निराळी असते. फक्त दिवसाच चालला असाल तर तसंच सांगा.

आता तुमच्याच माहितीतून रिव्ह्यू कसा होईल ते लिहून दाखवतो. मला ठाऊक नसलेले तपशील मी धरून चाललोय, ते तुम्ही खरे घाला.

«कुटुंबासह तीन रात्री, बुधवार ते शनिवार. पहिली रात्र ३०४ मध्ये, लिफ्टला लागून. मजला आल्याची घंटी खोलीत स्पष्ट ऐकू येते, रात्री एकपर्यंत चार वेळा जाग आली. बुकिंग करताना लिफ्टपासून लांबची, मागच्या बाजूची खोली मागा. आम्हाला दुसऱ्या दिवशी ३११ मिळाली, तिथे दोन्ही रात्री काही ऐकू आलं नाही. चादरी, टॉवेल, फरशी दोन्ही खोल्यांत स्वच्छ. पण दोन्हीकडे शॉवरच्या जाळीत जुने केस अडकलेले होते आणि पाणी हळू जात होतं. सांगितल्यावर ३११ मधली जाळी तासाभरात साफ करून दिली. रात्री दीडला खोली बदलून मागितली तेव्हा काउंटरवरच्या माणसाने वर न बघता नाही म्हटलं. सकाळच्या पाळीने तीच तक्रार पुन्हा ऐकून घेतली आणि वीस मिनिटांत खोली दिली, सामानही हलवलं. स्टेशन पाच मिनिटांवर नाही. मुख्य दारातून, बॅगा घेऊन पंधरा मिनिटं, मध्ये पादचारी पूल, त्याला लिफ्ट नाही. जड सामान किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर गाडी करा.»

यात कुठेही भयंकर, अप्रतिम, अजिबात जाऊ नका असलं काही नाही, तरी वाचणारा काय मागायचं आणि काय गृहीत धरायचं ते ठरवू शकतो. फोटो टाकायचे तर जाळीचा एक पुरे, पण त्यात शॉवरचा कोपराही दिसू द्या. फक्त केसांचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही बाथरूमचा असू शकतो.

तारे. माझा हिशेब असा: काहीही न मागता, काहीही न वाचता गेलेल्या माणसाला तिथे काय मिळेल, तेवढे तारे. तुम्हाला शेवटी काय मिळालं त्याचे नाहीत, आणि सगळ्यात वाईट रात्रीचे तर नाहीतच. लिफ्टलगतच्या खोल्या मजल्यावर एक-दोन असणार, म्हणजे बहुतेकांना आवाज नसेल. जाळी सगळ्यांनाच. तक्रार ऐकली जाते, पण रात्री नाही. मी तीन देईन. जाळी एकाच खोलीत असती तर चार दिले असते. दोन तारे वाचून माणूस मजकूर न वाचताच पुढे जातो आणि तुमची ३११ ची माहिती वाया जाते. स्वच्छता, कर्मचारी, जागा यांना वेगवेगळे गुण विचारले जात असतील तर काम सोपं होतं: जागेला रागाने शून्याकडे नेऊ नका, स्वच्छतेत मात्र हात आखडता घ्या.

एक पथ्य. पैसे परत द्या नाहीतर वाईट लिहीन, असं हॉटेलला चुकूनही म्हणू नका. बहुतेक ठिकाणी हा नियमभंग धरला जातो, हॉटेलने तो संदेश पुढे केला तर तुमचा खराखुरा रिव्ह्यूही काढून टाकतात. तसंच रिव्ह्यू काढल्यास पुढचा मुक्काम फुकट, असं त्यांच्याकडून आलं तर ते लेखी ठेवा आणि घेऊ नका.

लिहून झाल्यावर हॉटेलचं उत्तर येतं का ते आठवडा-दोन आठवड्यांनी बघा. «आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार» असलं छापील उत्तर असेल तर सोडून द्या. घंटीचा आवाज कमी केला, जाळ्या साफ करणं रोजच्या यादीत घातलं, असं नेमकं काही लिहिलं असेल तर तुमच्या मजकुराखाली तारखेसह एक ओळ जोडा: «हॉटेलच्या म्हणण्यानुसार दुरुस्ती झाली आहे, आम्ही पुन्हा जाऊन पाहिलेलं नाही.» मूळ मजकूर मात्र पुसू नका, ज्याला ३०४ मिळेल तो खरंच दुरुस्ती झाली का ते तपासून पुढे लिहील.